प्रतिपिंडं तयार होऊनही आजार का हटत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिकारशक्तीवर काहीही लिहिलं की खाली हमखास एक प्रश्न येतो: शरीर जंतूला ओळखतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, मग काही जंतू महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं आत टिकतात कसे? त्याच्या आजूबाजूचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त जागा ट्रिपॅनोसोम या परजीवीला दिली आहे, कारण त्याची लबाडी सगळ्यात उघडपणे दिसते, आणि त्यातलं एक महत्त्वाचं प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातलं आहे.

रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे शरीर जिंकलं, असं नाही का?

नाही. प्रतिपिंड म्हणजेच अँटीबॉडी. ती जंतूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या ठरावीक आकाराला चिकटते. बहुतेक वेळा नुसतं चिकटून जंतू मरत नाही. पुढचं काम दुसरे करतात: रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला भोकं पाडतात, किंवा भक्षक पेशी प्रतिपिंडाचं शेपूट पकडून अख्खा जंतू गिळतात. म्हणजे तीन गोष्टी जमून याव्या लागतात. ओळखलेला आकार जंतूच्या अंगावर अजून असायला हवा, तो हाताला लागायला हवा, आणि जंतू प्रतिपिंड पोहोचेल अशा जागी असायला हवा.

यातली कुठलीही एक गोष्ट मोडली की रिपोर्टमध्ये प्रतिपिंडं दिसत राहतात आणि आजारही चालू राहतो. ट्रिपॅनोसोम पहिली मोडतो, न्यूमोकोकस दुसरी आणि क्षयाचा जंतू तिसरी. काही जण एकाहून जास्त मोडतात. मलेरियाचा फॅल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीत लपतो आणि त्या पेशीवर काढलेली आपली प्रथिनंही अधूनमधून बदलतो.

ट्रिपॅनोसोम हा काय प्रकार आहे? तो तर आफ्रिकेतला ना?

माणसाला होणारा निद्रारोग आफ्रिकेतला. तिथे ट्रिपॅनोसोमा ब्रूसीचे दोन उपप्रकार त्सेत्से माशीच्या चाव्यातून माणसात येतात. आपल्याकडे त्सेत्से माशी नाही, पण त्याच कुळातला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आहे. घोडे, उंट, म्हशी, गायी-बैल यांना होणारा ‘सर्रा’ त्याच्यामुळेच होतो. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला तो डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. या परजीवीला माशीच्या पोटात वाढावं लागत नाही. एका जनावराचं रक्त पिऊन मोठी चावरी माशी ओल्या सोंडेनिशी दुसऱ्याला चावली की काम झालं. म्हणूनच तो आफ्रिका सोडून आशियाभर पसरू शकला.

ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात, तर परजीवी दिसण्याआधी तांबड्या पेशींना बसणारे धक्के दिसतात. शांत पडलेल्या पेशींमध्ये एखादी जागा अचानक थरथरते, दोन-तीन पेशी बाजूला ढकलल्या जातात आणि मग मधून वळवळत जाणारा लांबट जीव नजरेस पडतो. हा जीव पेशीच्या आत कधीच शिरत नाही. तो कायम रक्तात किंवा ऊतींमधल्या द्रवात असतो, म्हणजे प्रतिपिंडांच्या अगदी समोर. तरीही टिकतो.

मग तो टिकतो कसा?

त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचा जाड थर असतो. या प्रथिनाला व्हीएसजी म्हणतात. एका परजीवीवर याचे सुमारे एक कोटी रेणू इतके खेटून उभे असतात की खालची कायमस्वरूपी प्रथिनं प्रतिपिंडाला जवळजवळ लागतच नाहीत. दाट पेरलेल्या ज्वारीच्या शेतात वरून फक्त कणसं दिसावीत आणि बुंधा दिसू नये, तसं. शरीर या ‘कणसांविरुद्ध’ उत्तम प्रतिपिंडं बनवतं. त्यात ते कुठेही कमी पडत नाही.

अडचण पुढे आहे. परजीवीच्या जनुकसंचात व्हीएसजीची दोन हजारांहून जास्त जनुकं आहेत. त्यातली बहुतांश मोडकी, अर्धवट आहेत, पण तीही वाया जात नाहीत, त्याचं पुढे सांगतो. एका वेळी त्यातलं एकच जनुक चालू असतं. गुणसूत्रांच्या टोकांशी अशी साधारण पंधरा ठिकाणं आहेत जिथून व्हीएसजी व्यक्त होऊ शकतं, आणि त्यातलंही एका वेळी एकच उघडं असतं. एकाच परजीवीवर दोन वेगळे कोट एकदम आले असते, तर शरीराला एका फटक्यात दोन्हींची ओळख झाली असती. ‘एका वेळी एकच’ ही शिस्त म्हणूनच मोलाची आहे.

कोट बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा असं होतं की दुसरीकडे गप्प पडलेल्या एखाद्या जनुकाची प्रत निघते आणि चालू ठिकाणच्या जनुकावर ती लिहिली जाते. चालू असलेलं जुनं जनुक पुसलं जातं, मात्र ज्याची प्रत काढली ते मूळ जनुक आपल्या जागी शाबूत राहतं. कधी कधी चालू ठिकाण बंद होऊन त्या पंधरांपैकी दुसरं उघडतं. संसर्ग जुना होत गेला आणि धड जनुकं वापरून झाली, की मोडक्या जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडून नवा कोट शिवला जातो. ‘दोन हजार जनुकं, म्हणून दोन हजार कोट’ हा हिशेब त्यामुळे चुकतो. जोडाजोडीतून निघणारे कोट त्याहून कितीतरी जास्त.

बदल एका क्षणात पुरा होत नाही. जनुक बदललं तरी आधीचे एक कोटी रेणू अंगावरच असतात, आणि ते झडून नवे यायला काही दिवस लागतात. त्यातल्या सुरुवातीच्या काळात जुनी प्रतिपिंडं त्या परजीवीला मारू शकतात. बदललेले सगळेच वाचतात असं नाही ते यामुळे.

प्रतिपिंडं आलेली ‘पाहून’ तो कोट बदलतो का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रिपॅनोसोमला प्रतिपिंडांची चाहूल लागते आणि मग तो वेष बदलतो, असं नाही. बदल आपोआप आणि आंधळेपणाने होत राहतो, प्रतिपिंडं असोत वा नसोत. प्रतिपिंडं फक्त निवड करतात, जुन्या कोटाचे मरतात आणि आधीच बदललेले उरतात.

आकडे मांडले की हे पटकन पटतं. समजा एका जनावराच्या शरीरात ‘अ’ कोटाचे 10 कोटी परजीवी आहेत, आणि एका विभाजनात दहा लाखांतला एक कोट बदलतो. म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण 100 परजीवी वेगळ्या कोटाचे. ‘अ’ विरुद्धची प्रतिपिंडं आली आणि बाकी सगळे मेले. उरले 100. रक्तात परजीवी साधारण सहा तासांत दुप्पट होतो, म्हणजे दिवसात चार वेळा, पाच दिवसांत वीस वेळा. वीस दुपटींत एकाचे दहा लाखांहून जास्त होतात, तर शंभराचे पुन्हा 10 कोटींच्या वर. नव्या कोटाविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं बनायला आठवडाभर लागतो. शरीर प्रत्येक वेळी बरोबर नेम धरतं, फक्त लक्ष्य तोवर बदललेलं असतं.

दहा लाखांत एक हा दर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या वाणांचा आहे. माशीतून नुकत्याच आलेल्या वाणांत तो शंभरात किंवा हजारात एक इतकाही दिसला आहे. शिवाय वरच्या गणितात एका वेळी एकच नवा कोट धरला आहे. उंदरांमधल्या संसर्गात प्रत्यक्षात डझनावारी कोट एकदम सापडतात, त्यातले थोडेच पुढे वाढतात.

ताप येतो-जातो तो यामुळेच का?

हो. लाट चढते तेव्हा ताप, आणि प्रतिपिंडांनी ती उतरवली की बरं वाटतं. 1910 मध्ये लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी निद्रारोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोज मोजून आलेख काढला. डासांतला मलेरिया 1897 मध्ये सिकंदराबादला शोधणारे रॉस ते हेच. त्या आलेखात परजीवींची संख्या काही दिवसांच्या अंतराने चढते, कोसळते आणि पुन्हा चढते. कारण तेव्हा माहीत नव्हतं. कोट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला कीथ व्हिकरमन यांनी 1969 मध्ये, आणि तो एकाच प्रथिनाचा असून प्रत्येक वाणात ते प्रथिन वेगळं असतं हे जॉर्ज क्रॉस यांनी 1975 मध्ये दाखवलं.

व्यवहारात याचा त्रास असा की उतारावर घेतलेल्या रक्तात परजीवी सापडतीलच याची खात्री नसते. एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून सर्रा नाही असं म्हणता येत नाही. ताप असताना, आणि पुन्हा पुन्हा, रक्त पाहावं लागतं. केशनलिकेत रक्त फिरवून पांढऱ्या पेशींच्या थराशी परजीवी शोधले तर सापडण्याची शक्यता वाढते.

थोडीशी प्रतिपिंडं चिकटली तरी तो मरत नाही, असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि मला वैयक्तिकरीत्या कोटबदलापेक्षाही ही युक्ती जास्त चकित करते. ट्रिपॅनोसोम सतत पुढे पोहत असतो. व्हीएसजीला प्रतिपिंड चिकटलं की ती जोडी कोटावर उंच उठून दिसते आणि द्रवाच्या प्रवाहाने मागे ढकलली जाते. मागच्या टोकाजवळ एक खळगा आहे, जिथून त्याची शेपटी निघते. जोडी तिथे पोहोचली की आत ओढली जाते, प्रतिपिंड पचवलं जातं आणि व्हीएसजी पुन्हा पृष्ठभागावर पाठवलं जातं. हे सगळं काही मिनिटांत होतं. प्रतिपिंडांची संख्या फार वाढली तर ही साफसफाई पुरी पडत नाही. पण लाटेच्या सुरुवातीला, प्रतिपिंडं नुकती बनायला लागलेली असताना, तेवढी सवड त्याला पुरते.

चंद्रपूरचं प्रकरण काय होतं?

2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम सापडले. पाच महिने त्याला ताप येत-जात होता, आणि त्याच्याबरोबर रक्तातली परजीवींची संख्याही वर-खाली होत होती. तपासात तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी निघाला. जनावरांच्या सर्राचा परजीवी माणसात खात्रीने सापडल्याची ही जगातली पहिली नोंद, 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. सुरामिन हे जुनं औषध देऊन तो शेतकरी बरा झाला.

खरा प्रश्न असा होता की गोठ्यात सर्रा झालेली जनावरं असणारे लाखो लोक आहेत, त्यांना हा आजार का होत नाही? आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं. ते ट्रिपॅनोसोमच्या पोटात जाऊन त्याच्या आतल्या पटलांना छिद्रं पाडतं आणि तो फुगून फुटतो. याचा प्रतिपिंडांशी काही संबंध नाही. कोट कुठलाही असो, हे प्रथिन मारतंच. त्या शेतकऱ्याच्या एपीओएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला आणि रक्तात ते प्रथिन मुळीच नव्हतं. त्याच्या रक्तद्रवात प्रयोगशाळेत एपीओएल-१ मिसळल्यावर तो द्रव परजीवींना मारू लागला. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एकच प्रथिन नसलेल्या माणसाला फक्त प्रतिपिंडांवर लढावं लागलं, आणि पाच महिन्यांच्या त्या चढ-उतारात त्याचा निकाल दिसतो.

आफ्रिकेतले माणसाला होणारे दोन उपप्रकार याच प्रथिनावर तोडगा काढून बसले आहेत. पूर्व आफ्रिकेतला ऱ्होडेसिएन्स तर व्हीएसजीच्याच एका जनुकातून बनलेलं प्रथिन वापरून एपीओएल-१ ला अडकवून ठेवतो.

गावातल्या बाकीच्या लोकांना धोका होता का?

त्या गावात नंतर अठराशेहून जास्त लोकांची तपासणी झाली. बऱ्याच जणांच्या रक्तात परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, परजीवी मात्र कुणाच्याही रक्तात सापडला नाही. म्हणजे माश्यांकडून परजीवी टोचला जात असावा, पण तो टिकत नसावा. एपीओएल-१ शाबूत असेल तर गोठ्यातल्या सर्राचा माणसाला धोका फार कमी असतो, अगदी शून्य मात्र नाही. जनावराला मात्र उपचार हवेच, विशेषतः घोड्याला आणि उंटाला, कारण त्यांच्यात आजार फार जोराचा असतो.

कोट सतत बदलतो, तर प्रतिपिंडांची तपासणी चालते कशी?

चांगला प्रश्न. जनुकं हजारो असली तरी ती सारख्या संधीने निवडली जात नाहीत. काही कोट जवळजवळ प्रत्येक संसर्गात लवकर येतात. इव्हान्सीच्या बहुतेक वाणांत ‘रोटॅट १.२’ नावाचा कोट असाच सुरुवातीला येऊन जातो. तो निघून गेला तरी त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात राहतात, आणि कार्डावर रक्त मिसळून करायची गुठळीची तपासणी तीच शोधते. मर्यादा दोन. पूर्व आफ्रिकेतल्या काही वाणांत हे जनुकच नाही, त्यामुळे तपासणी चुकते. आणि परजीवी गेल्यावरही प्रतिपिंडं काही काळ राहतात, म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता आजार आहे असं नाही.

मग लस?

कोटाविरुद्ध लस करण्यात अर्थ नाही, वरचं गणित तिलाही लागू पडतं. प्रयत्न आहेत ते कोटाखालच्या, न बदलणाऱ्या प्रथिनांवर. 2021 मध्ये ट्रिपॅनोसोमा व्हायवॅक्स या जनावरांमधल्या जातीच्या शेपटीवरचं असं एक प्रथिन उंदरांना टोचून त्यांचं दीर्घकाळ रक्षण झाल्याचं दिसलं. उंदीर ते बैल हे अंतर मात्र मोठं आहे. माणसांमधल्या निद्रारोगावर लस नसतानाही तो खूप आटोक्यात आला आहे तो रुग्ण शोधून उपचार केल्याने, माश्यांचे सापळे लावल्याने आणि अलीकडे फेक्सिनिडाझोल या तोंडाने घ्यायच्या औषधामुळे.

फ्लूचा विषाणूही बदलतो. तेच का हे?

नाही. फ्लूमध्ये बदल प्रत काढताना होणाऱ्या चुकांतून येतात आणि ते समाजात हळूहळू साठत जातात. ट्रिपॅनोसोमचे कोट आधीच जनुकसंचात तयार ठेवलेले असतात आणि बदल एकाच रुग्णाच्या शरीरात होतो. जिवाणूंमध्येही हे दिसतं. गोनोरियाचा जंतू आपल्या केसांसारख्या धाग्यांचं प्रथिन गप्प प्रतींतून तुकडे घेऊन बदलत राहतो, आणि एकदा होऊन गेलेला गोनोरिया पुन्हा होऊ शकतो त्यामागे हेही एक कारण आहे.

जिवाणूच्या ‘कॅप्सूल’चा फायदा काय? ती फक्त साखरेची तर असते.

साखरेचीच, म्हणजे लांब साखळ्यांच्या शर्करांची. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा न्यूमोकोकस हे उत्तम उदाहरण. त्याच्या भिंतीवर कॉम्प्लिमेंट प्रथिनं बसतात आणि भिंतीविरुद्धची प्रतिपिंडंही चिकटतात, पण हे सगळं कॅप्सूलच्या थराखाली होतं. भक्षक पेशीचे हात बाहेर राहतात. प्रतिपिंड आहे, चिकटलंही आहे, आणि तरी उपयोग नाही. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या प्रयोगात कॅप्सूलवाले जंतू टोचलेले उंदीर मेले आणि कॅप्सूल नसलेले टोचलेले जगले. तो प्रयोग पुढे जनुकद्रव्याच्या शोधासाठी गाजला, पण त्याच्या मुळाशी ही कॅप्सूलच आहे.

यावर तोड म्हणजे थेट कॅप्सूलविरुद्ध प्रतिपिंड. ते असलं की जंतू पटकन गिळला जातो. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, न्यूमोकोकसच्या कॅप्सूलचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि एकाविरुद्धचं प्रतिपिंड बहुधा दुसऱ्याला लागत नाही. एकच जंतू अंगात कोट बदलत बसत नाही, पण गावात फिरणारे प्रकार इतके की एकदा होऊन गेलेला न्यूमोनिया पुढच्याला अडवत नाही. दुसरी अडचण बाळांची.

बाळांची काय अडचण?

नुसत्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंड बनवताना बी पेशींना टी पेशींची मदत मिळत नाही, कारण टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात. मोठ्या माणसाच्या बी पेशी ते तसंही थोडंफार निभावतात. दोन वर्षांखालच्या बाळांना ते जमत नाही, आणि न्यूमोकोकसचा मारा नेमका त्याच वयात जास्त. उपाय असा निघाला की शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक रीत्या जोडायची. बी पेशी शर्करा ओळखून अख्खी जोडी गिळते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि मदत मिळवते. पीसीव्ही लस हीच. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 पासून देशभर आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तीन डोस असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली दहा प्रकारांची पीसीव्ही 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली.

लस घेतली तरी न्यूमोनिया होतो, मग तिचा काय उपयोग?

न्यूमोनिया विषाणूंमुळे आणि इतर जिवाणूंमुळेही होतो, हे पहिलं. दुसरं, लसीत घेतलेले प्रकार मागे हटले की न घेतलेल्यांना जागा मिळते. अमेरिकेत सात प्रकारांची पहिली लस आल्यावर तिच्यात नसलेला १९-अ प्रकार वाढला, म्हणून पुढच्या लसींत तो घातला गेला. तरीही गंभीर आजार एकूणात घटला. जागा घेणारे प्रकार बहुतेकदा हटलेल्यांइतके आक्रमक नसतात.

मेंदूज्वराच्या ‘बी’ प्रकारावर कॅप्सूलची लस का नाही?

मेनिंगोकोकस-बीची कॅप्सूल ज्या शर्करेची बनते, तीच साखळी आपल्या चेतापेशींवर, विशेषतः गर्भातल्या बाळाच्या, असते. शरीर तिला आपलंच समजतं आणि गप्प बसतं. जबरदस्तीने प्रतिपिंडं बनवली तर ती आपल्याच पेशींना चिकटण्याची भीती. म्हणून या प्रकारावरच्या लसी कॅप्सूल सोडून प्रथिनांवर बेतल्या आहेत.

क्षयाचा जंतू तर भक्षक पेशीतच राहतो म्हणतात. म्हणजे मारणाऱ्याच्याच घरात?

हो. फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते आणि एका पिशवीत बंद करते. एरवी ती पिशवी आम्लाने आणि पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोमशी जोडली जाते आणि आतला जंतू संपतो. क्षयाचा जंतू ही जोडणी अडवतो. पिशवीतलं आम्ल वाढत नाही, सामू सव्वासहाच्या आसपास राहतो, आणि पेशीला येणाऱ्या लोहातला वाटाही त्याला मिळतो. शिवाय तो ईएसएक्स-१ नावाच्या यंत्रणेने पिशवीच्या पटलाला इजा करतो. बीसीजी लशीतल्या जंतूने ही यंत्रणा बनवणाऱ्या जनुकांचा तुकडा फार पूर्वी गमावला, आणि तो सौम्य असण्याचं हे एक मोठं कारण.

सगळे आत राहणारे असंच करतात असं नाही. लिस्टेरिया पिशवी फोडून पेशीच्या द्रवात येतो आणि तिथून थेट शेजारच्या पेशीत घुसतो, रक्तात न उतरताच. काळा आजाराचा लीशमॅनिया आम्ल भरलेल्या पिशवीतच मजेत वाढतो.

मग टीबीसाठी प्रतिपिंडांची रक्ततपासणी का करू नये?

कारण तिच्यावरून आजाराचं काहीच ठरवता येत नाही. जंतू पेशीत असल्याने लढाई मुख्यतः टी पेशींची असते. त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडून भक्षक पेशीला चेतवतात, आणि मगच ती पिशवी आम्लाने भरू शकते. प्रतिपिंडं कुणात बनतात, कुणात नाही, आणि बनली तरी आजाराशी नीट जुळत नाहीत. एकेकाळी खासगी लॅबमधून ही तपासणी सर्रास व्हायची आणि निरोगी माणसांना औषधं सुरू व्हायची, तर खऱ्या रुग्णांचे रिपोर्ट निगेटिव्ह यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये तिच्याविरुद्ध सूचना दिली आणि 2012 मध्ये भारत सरकारने अशा किटवर बंदी घातली.

इग्रा हीसुद्धा रक्ताचीच तपासणी आहे, पण तिच्यात प्रतिपिंडं मोजत नाहीत. टी पेशींना क्षयाच्या जंतूची प्रथिनं दाखवून त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का, ते पाहतात. ही प्रथिनं बीसीजीने गमावलेल्या तुकड्यातलीच आहेत, त्यामुळे बीसीजी घेतलेल्या माणसात ती खोटी पॉझिटिव्ह येत नाही. कातडीत टोचून करायची माँटू तपासणी तशी येऊ शकते. सुप्त संसर्ग आणि चालू आजार यांतला फरक मात्र दोन्हींना कळत नाही. त्यासाठी बेडक्याची तपासणी आणि एक्स-रे.

संधिवाताचं ‘बायोलॉजिक’ इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी का सांगतात?

ज्यांच्यात जंतू मरत नाही त्यांच्यात शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. ती गाठ टिकवायला टीएनएफ हा संदेशरेणू लागतो. संधिवातावरची आणि आतड्याच्या दाहावरची काही इंजेक्शनं नेमका टीएनएफ अडवतात. गाठ सैल पडते आणि वर्षानुवर्षं गप्प असलेला क्षय उसळतो, बऱ्याचदा फुप्फुसाबाहेर. म्हणून आधी माँटू किंवा इग्रा आणि छातीचा एक्स-रे काढतात. सुप्त संसर्ग निघाला तर प्रतिबंधक औषधं सुरू करून सहसा महिनाभराने इंजेक्शन देतात. बरेच दिवस स्टेरॉइड घेत असलेल्याची तपासणी निगेटिव्ह आली तरी ती पूर्ण भरवशाची नसते, कारण ज्या टी पेशींचं उत्तर आपण मोजतो, त्यांनाच स्टेरॉइडने दाबलेलं असतं. त्यामुळे घरात कुणाला क्षय होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि इंजेक्शनं चालू असताना ताप, वजन घटणं किंवा मानेत गाठ दिसली तर पुढच्या डोसची वाट पाहू नका.